शनिवारच्या टेस्टबद्दल, दहावीच्या पालकांना



दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू झाल्या आणि आपल्या क्लासमध्येही सोमवारपासून दहावीच्या गणिताची उजळणी सुरू होते आहे. बहुतेक शाळांची पूर्वपरीक्षा जानेवारीत असते. म्हणजे हातात नऊ आठवडे आहेत. या नऊ आठवड्यांत मुलं काय करणार, दर शनिवारी जी टेस्ट होईल तिचा कागद कसा असेल, तो घरी कधी येईल आणि आल्यावर तुम्ही त्यात काय पाहायचं, हे सगळं आधीच सांगून ठेवावं म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, पण सवडीने पूर्ण वाचा. कारण या योजनेत एक गोष्ट अशी आहे जी आधी सांगितली नाही तर तुम्हाला काळजीत टाकेल. पहिले काही आठवडे मुलांचे गुण कमी येणार आहेत. शाळेच्या घटक चाचणीत वीसपैकी सतरा-अठरा मिळवणारी मुलं इथे दहा-अकरावर येतील. ते तसं का होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काय नाही, हेच मुख्यतः सांगायचं आहे.

दर वर्षी या दिवसांत पालक भेटायला येतात तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मॅडम, घरी सगळं येतं हो त्याला, पेपरातच काय होतं कळत नाही." हे खोटं नसतं. घरी त्याला खरंच येत असतं, पण कसं? समोर वही उघडी असते, किंवा गाईड. सोडवलेलं उदाहरण तो वाचतो, प्रत्येक पायरी पटते, मान डोलते. मग खालचं तशाच प्रकारचं उदाहरण तो सोडवतो आणि ते सुटतं. इथे डोक्याने केलेलं काम म्हणजे समोर दिसणारी पायरी ओळखणं. परीक्षेत मागितलं जातं ते वेगळंच काम. तिथे समोर काही नसतं, सगळं आतून काढावं लागतं. ओळखता येणं आणि काढता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा कितीही सराव केला तरी दुसरी फारशी सुधारत नाही.

यावर एक चांगला प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री ऊद यांच्यावरचे छोटे उतारे वाचायला दिले. एकदा वाचल्यावर काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला. इतरांनी पुन्हा वाचण्याऐवजी कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, त्यांना ८१ टक्के आठवत होतं आणि लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्याने तपासलं तेव्हा चित्र उलटं झालं. दोनदा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के. म्हणजे आठवून लिहिणं ही नुसती तपासणी नाही, त्याने आठवण पक्की होते. आणि वाचण्याचा फायदा रात्री अभ्यास करून सकाळी तपासलं तर दिसतो, आठवड्याने तपासलं तर दिसत नाही. घरी सगळं येतं असं वाटायला लावणारी हीच ती पाच मिनिटांची तपासणी.

म्हणून आपल्या उजळणीचा आठवडा वाचनाने सुरू होणार नाही. सोमवारी ज्या प्रकरणाची पाळी असेल त्याचं पुस्तक बंद ठेवून मुलं एका कोऱ्या पानावर दहा मिनिटांत त्या प्रकरणातलं आठवेल ते सगळं लिहितील. सूत्रं, प्रमेयं, आकृत्या, एखादं उदाहरण. मग पुस्तक उघडायचं आणि जे सुटलं ते लाल पेनने भरायचं. पहिल्या सोमवारी बहुतेकांच्या पानावर लाल शाईच जास्त दिसेल. मंगळवारी आणि बुधवारी त्या लाल भागावरची उदाहरणं, रोज साधारण पाऊण तास. गुरुवारी पाच उदाहरणं, पण वेगवेगळ्या प्रकरणांतली. शुक्रवारी गणिताचा गृहपाठ नाही. मुलांना बाकीचे विषय आहेत, त्यांना झोपही हवी. शनिवारी टेस्ट.

आता शनिवारच्या कागदाविषयी. बोर्डाचा गणित भाग १ आणि भाग २ यांचा प्रत्येकी पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो, म्हणजे एका गुणामागे तीन मिनिटं. तोच हिशेब ठेवून आपला कागद २० गुणांचा आणि एक तासाचा आहे. एक गुणाचे, दोन गुणांचे, तीन आणि चार गुणांचे असे प्रश्न बोर्डाच्याच धर्तीवर असतील, फक्त विकल्प नसतील. बोर्डाच्या पेपरात 'कोणतेही दोन सोडवा' असं असतं आणि मूल नकळत आवडीचं ते उचलतं. त्यामुळे नावडतं प्रकरण वर्षभर कच्चंच राहून जातं.

या कागदात तीन प्रकरणं असतील. आठ गुण चालू आठवड्याच्या प्रकरणावर, सहा गुण दोन आठवड्यांपूर्वी झालेल्या प्रकरणावर आणि उरलेले सहा पाच आठवड्यांपूर्वीच्या प्रकरणावर. वर्गसमीकरणांचं उदाहरण घेऊ. ते प्रकरण पहिल्या आठवड्यात आहे. पहिल्या शनिवारी त्यावर आठ गुण, मग एक आठवडा त्याचं नावही निघणार नाही, तिसऱ्या शनिवारी ते सहा गुणांना परत येईल आणि सहाव्या शनिवारी पुन्हा एकदा. मधे विसरायला वेळ दिला आहे तो मुद्दाम. थोडं विसरून मग पुन्हा आठवायला लावलं की जे बसतं ते टिकतं. लगेच दुसऱ्या दिवशी विचारलं तर ते कालच्या आठवणीच्या जोरावर सुटतं आणि आपल्याला काहीच कळत नाही. सुरुवातीच्या शनिवारी मागची प्रकरणं कुठून आणायची, तर दिवाळीआधी शिकवून झालेल्यांतून. आणि ज्या आठवड्यांत छोटी प्रकरणं आहेत, जसं भौमितिक रचना, तिथे एका आठवड्यात दोन प्रकरणं जोडली आहेत, कारण दोन्ही भाग मिळून प्रकरणं तेरा आहेत आणि आठवडे नऊ.

प्रकरणांचा क्रम पुस्तकाप्रमाणे नाही. वर्गसमीकरणं सर्वांत आधी घेतली, कारण अंकगणिती श्रेढीत बेरीज देऊन पदांची संख्या काढायला सांगितली की शेवटी वर्गसमीकरणच सोडवावं लागतं. समरूपता चौथ्या आठवड्यात आहे आणि पायथागोरस व वर्तुळ तिच्यानंतर, कारण त्या प्रकरणांतल्या कित्येक सिद्धता समरूप त्रिकोणांवर उभ्या आहेत. संभाव्यता, सांख्यिकी शेवटी ठेवली. त्यांची दुसरी-तिसरी फेरी पूर्वपरीक्षेआधी बसत नाही, ही या योजनेतली उणीव आहे. ती फेरी पूर्वपरीक्षेनंतर ४० गुणांच्या पूर्ण पेपरांतून होईल.

कागदावर आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. प्रश्नांच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव नसेल आणि तिन्ही प्रकरणांचे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतील. हा या योजनेचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून सांगते. हे तीन प्रश्न पाहा.

एक: दोन अंकी संख्यांपैकी ४ ने भाग जाणाऱ्या संख्या किती, आणि त्या सर्वांची बेरीज किती?

दोन: दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज २४४ आहे, तर त्या संख्या कोणत्या?

तीन: एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केली तर मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे, तर मूळ संख्या कोणती?

तिन्हींत 'संख्या' आहे, 'बेरीज' आहे. पण पहिला प्रश्न अंकगणिती श्रेढीचा, दुसरा वर्गसमीकरणाचा आणि तिसरा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा. श्रेढीच्या प्रकरणाखाली पहिला प्रश्न दिला तर मुलाला विचारच करावा लागत नाही, कारण वरच लिहिलेलं असतं की इथे श्रेढी वापरायची आहे. ज्या दिवशी वीस उदाहरणं श्रेढीची सोडवली त्या दिवशी एकविसावंही सुटतं. पण परीक्षेत पहिलं कामच हे असतं की हा प्रश्न कशाचा आहे ते ठरवायचं. प्रकरणवार सरावात या कामाचा सराव एकदाही होत नाही.

फ्लोरिडातल्या डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये नेमकं हेच गणितावर तपासलं. विद्यार्थ्यांना काही अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. अर्ध्यांनी एका आकृतीची सगळी उदाहरणं संपवून मग पुढची घेतली, अर्ध्यांनी ती मिसळून सोडवली. सराव चालू असताना एकेक प्रकार संपवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची फक्त ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा एकेक प्रकार संपवणारे २० टक्क्यांवर आले आणि मिसळून सोडवणारे ६३ टक्क्यांवर राहिले. सुरुवातीला गुण कमी येतील असं मी म्हटलं त्याचं कारण हे आहे. मिसळलेला सराव करताना मूल चुकतं, अडखळतं, वैतागतं, आणि त्या अडखळण्यातूनच ओळख पटायला शिकतं. घटक चाचणीतले अठरा गुण खरे असतात, पण ते एका प्रकरणाचे आणि ताज्या आठवणीचे असतात. त्यांची या कागदावरच्या अकरा गुणांशी तुलना होऊ शकत नाही.

टेस्ट झाल्यावर काय होतं ते आता सांगते. सोमवारी मुलाला कागद परत मिळेल तो गुणांशिवाय. चूक झालेल्या पायरीला गोल असेल आणि समासात एक अक्षर. 'वि' म्हणजे विसर, सूत्र, व्याख्या किंवा सिद्धता आठवलीच नाही. 'नि' म्हणजे निवड, पद्धत येत होती पण इथे तीच लागते हे कळलं नाही. 'वा' म्हणजे वाचन, प्रश्नात विचारलेलं पूर्ण वाचलं नाही किंवा अर्धंच उत्तर दिलं. 'आ' म्हणजे आकडेमोड, त्यात चिन्हांच्या चुकाही आल्या. बुधवारपर्यंत मुलाने चुकांच्या वहीत प्रत्येक गोल पुन्हा सोडवायचा आणि तिथेच एका ओळीत लिहायचं की चूक कुठे झाली. नुसतं बरोबर उत्तर उतरवून चालणार नाही. गुरुवारी मी वही पाहीन आणि त्यानंतर कागदावर गुण लिहीन.

गुण तीन दिवस लपवण्याची गरज काय, असं तुम्हाला वाटेल. रूथ बटलर यांनी इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा झाली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांची. दोन्ही मिळालेल्यांची गत फक्त गुण मिळालेल्यांसारखीच झाली, म्हणजे गुण दिसल्यावर शेऱ्याचा उपयोग राहिला नाही. वर्गात हे रोज दिसतं. कागद हातात पडला की मूल उजवा वरचा कोपरा पाहतं, मग शेजारच्याचा कोपरा पाहतं आणि कागद दप्तरात जातो. समासातलं काहीही वाचलं जात नाही.

आता एक कागद जवळून पाहू. गेल्या वर्षीच्या सहाव्या शनिवारचा, एका मुलीचा. श्रेढी आठ गुण, समरूपता सहा, वर्गसमीकरणं सहा. तिला २० पैकी १० मिळाले होते.

गेलेले दहा गुण कुठे गेले? चार गुणांच्या प्रश्नात ४ ने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या विचारल्या होत्या. तिने १२ पासून ९६ पर्यंतची श्रेढी बरोबर मांडली, पदं २२ काढली आणि थांबली. त्यांची बेरीज, ११८८, काढायचीच राहिली. दोन गुण गेले, समासात 'वा'. तीन गुणांचा प्रश्न वर्गांची बेरीज २४४ असलेल्या सम संख्यांचा. तिने दोन संख्या x आणि y धरल्या, x² + y² = 244 लिहिलं आणि दुसरं समीकरण शोधत बसली, कारण दोन चलं दिसली की रेषीय समीकरणं, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. क्रमागत सम संख्या आहेत म्हणजे दुसरी संख्या x + 2, हे लक्षात आलं असतं तर पुढचं तिला येत होतं.

```
x² + (x + 2)² = 244
x² + 2x − 120 = 0
(x + 12)(x − 10) = 0
x = 10
```

नैसर्गिक संख्या म्हटल्यामुळे −12 सोडायचं आणि संख्या १० व १२. समीकरण फळ्यावर लिहून दिल्यावर तिने हे तीन मिनिटांत सोडवलं. म्हणून तीन गुण 'नि'.

समरूपतेत प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाची सिद्धता तिला आठवलीच नाही, तीन गुण. आणि बाजूंचं गुणोत्तर 3 : 5 असलेल्या समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर तिने 3 : 5 च लिहिलं, ते 9 : 25 हवं होतं. एक गुण. दोन्हींना 'वि'.

शेवटची चूक सर्वांत शिकवणारी. 2x² − 5x − 3 = 0 या समीकरणाच्या मुळांचं स्वरूप विवेचकावरून ठरवायचं होतं. b² − 4ac मध्ये c ची किंमत −3 आहे, म्हणून 25 + 24 = 49. तिने 25 − 24 = 1 केलं. ४९ शून्यापेक्षा मोठा आणि १ सुद्धा, त्यामुळे 'मुळे वास्तव व असमान' हा तिचा निष्कर्ष बरोबरच आला. घरी उत्तरसूची लावून तपासलं असतं तर तिथे बरोबरची खूण झाली असती आणि ऋण चिन्हाची ती सवय तशीच बोर्डापर्यंत गेली असती. एक गुण, 'आ'.

बेरीज करा. विसर चार गुण, निवड तीन, वाचन दोन, आकडेमोड एक. तिच्या आईंनी १० गुण पाहून विचारलं होतं की श्रेढीची आणखी उदाहरणं करून घेऊ का. श्रेढी तिला येत होती. तिथले गुण गेले ते प्रश्न शेवटपर्यंत न वाचल्यामुळे. त्यासाठी तिने प्रश्नातल्या प्रत्येक मागणीखाली पेन्सिलने रेघ मारायची आणि उत्तर लिहून झाल्यावर रेघा मोजायच्या, एवढं पुरेसं होतं. विसरलेल्या सिद्धतेसाठी कोरं पान, सोमवारी एकदा आणि गुरुवारी एकदा. निवडीसाठी मिसळलेली उदाहरणं, आणि तीही पूर्ण न सोडवता फक्त पहिली ओळ मांडायची. दहा उदाहरणांच्या पहिल्या ओळी वीस मिनिटांत होतात. चिन्हासाठी a, b, c च्या किमती चिन्हासकट कंसात लिहूनच पुढे जायचं. चार प्रकारच्या चुका आणि चार वेगळे उपाय. 'जास्त अभ्यास कर' असं सांगून यातली एकही दुरुस्त झाली नसती.

एकाच अक्षराचा गोल एकाच प्रकरणात तिसऱ्यांदा आला, विशेषतः 'वि', तर मी समजेन की तिथे विसर नाही, ते प्रकरण मुळातच समजलेलं नाही. कोऱ्या पानाचा आणि टेस्टचा उपयोग समजलेलं टिकवण्यासाठी आहे, न समजलेलं त्याने समजत नाही. अशा मुलांना रविवारी सकाळी बोलावून ते प्रकरण पहिल्यापासून शिकवीन. त्याची वेगळी फी नाही. रविवारी बोलावलं म्हणजे मूल मागे पडलं असं कृपया समजू नका आणि मुलाला तसं म्हणूही नका.

आता तुमच्याकडून हव्या असलेल्या गोष्टी.

गुरुवारी कागद घरी आला की सहीआधी चुकांची वही मागा. तिथे प्रत्येक गोलासमोर चूक कुठे झाली ते मुलाच्या शब्दांत लिहिलेलं असायला हवं. 'सिली मिस्टेक' असं लिहिलं असेल तर सही करू नका, परत पाठवा. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल. "ही चूक मला समजावून सांग" एवढंच म्हणा आणि ऐका. सांगताना मूल अडलं तर ते अजून पक्कं झालेलं नाही, हे तुम्हाला गणित न येताही कळेल.

एका शनिवारचे गुण दुसऱ्या शनिवारच्या गुणांशी लावू नका. २० गुणांच्या कागदात चार गुणांचा एक प्रश्न चुकला की टक्केवारी वीसने खाली येते. गेल्या आठवड्यात १४ आणि या आठवड्यात १० म्हणजे घसरण झाली असं या कागदावरून म्हणताच येत नाही. चार आठवड्यांचे कागद एकत्र ठेवा, तेव्हा ८० गुणांचं चित्र मिळतं. त्यातही एकूण बेरजेपेक्षा मागच्या दोन प्रकरणांचे बारा गुण पाहा. ते हळूहळू वाढत असतील तर योजना लागू पडते आहे. चालू प्रकरणाचे आठच्या आठ आणि जुन्या बारांपैकी तीन-चार असं चार आठवड्यांनंतरही दिसलं, तर मूल शुक्रवारी रात्री पाठ करून येतं आहे. तसं असेल तर मला फोन करा.

कागद घरी आल्यावर त्याच रात्री तो पुन्हा सोडवायला बसवू नका. हे प्रेमापोटी होतं, पण त्या रात्री मुलाला उत्तरं पाठ असतात आणि वीसपैकी वीस येतात, त्यातून कुणालाच काही कळत नाही. चुकलेला प्रश्न आकडे बदलून तीन आठवड्यांनी कागदावर परत येईलच.

दोन्ही बॅचचे कागद वेगळे असतील, त्यामुळे आधीच्या बॅचच्या मित्राकडून प्रश्न विचारून काही मिळणार नाही. तरी मुलं प्रयत्न करतात. कळलं तर रागावू नका, मला सांगा. शनिवार चुकला तर रविवारी सकाळी टेस्ट देता येईल, त्यानंतर तो कागद फक्त सरावासाठी. आणि क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीही गुण टाकू नयेत, चांगले असले तरी. एका घरातल्या अठरा गुणांमुळे दुसऱ्या घरात रात्री जेवणाच्या वेळी काय होतं ते मुलं मला सोमवारी सांगतात. अशा मुलांच्या पुढच्या कागदावर मग चुका कमी आणि कोऱ्या जागा जास्त दिसतात, कारण चुकण्यापेक्षा न लिहिणं त्यांना सुरक्षित वाटायला लागतं. कोऱ्या जागेला मी समासात कुठलंच अक्षर देऊ शकत नाही आणि त्या मुलाला मदतही करू शकत नाही. मुलाने चुकीचं का होईना, लिहावं, एवढी मोकळीक घरात त्याला द्या.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पालकांची भेट ठेवली आहे. येताना तोपर्यंतचे चारही कागद आणि चुकांची वही सोबत आणा, गुणांविषयी तेव्हाच बोलू.

पहिली टेस्ट येत्या शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. मुलांनी कंपासपेटी, दोन निळी पेनं, पेन्सिल आणि मनगटी घड्याळ आणावं. मोबाइल घरी ठेवावा.

कळावे,
आपल्या मुलांच्या गणिताच्या मॅडम